जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी मुलाला शाळेतून सुट्टी हवी : वर्गशिक्षकांना अर्ज कसा लिहावा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पोळा सरला की आमच्याकडे स्पर्धांचे दिवस सुरू होतात आणि वर्गशिक्षकांच्या टेबलावर अर्ज यायला लागतात. मी ग्रामीण विदर्भातल्या शाळेत वर्गशिक्षिका आहे. खाली उत्तरे देताना एकच उदाहरण धरून चालले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातली सातवीतली मुलगी, गावच्या क्रीडा मंडळाच्या खो-खो संघात, आणि यवतमाळला किशोरी गटाची जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा. हा संघ शाळेचा नाही, मंडळाचा आहे. पालकांच्या अर्जाची खरी गरज अशाच वेळी पडते, म्हणून हे उदाहरण निवडले. तारखा नमुन्यादाखल आहेत.

शाळेचाच संघ जिल्ह्याला जात असेल तर पालकांनी वेगळा अर्ज द्यावा लागतो का?

सहसा नाही. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. जिल्ह्याची स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय भरवते आणि मुलांची नावे शाळाच पाठवते. मूल शाळेच्या कामासाठी बाहेर आहे हे मुख्याध्यापकांना आधीच ठाऊक असते. तिथे पालकांकडून संमतिपत्र घेतात, म्हणजे मुलाला संघासोबत पाठवायला आमची हरकत नाही एवढे लिहून सही करायची.

मंडळ, तालीम, एखाद्या खेळाची जिल्हा संघटना किंवा वाचनालय यांच्यामार्फत मूल जात असेल तेव्हा शाळेला यातले काहीच माहीत नसते. कोण नेतो, कुठे ठेवतो, किती दिवस लागतील, हे सगळे पालकांच्या पत्रातूनच शाळेला कळते.

परवानगी वर्गशिक्षक देतात की मुख्याध्यापक?

अर्ज वर्गशिक्षकांच्या नावाने लिहायचा, कारण हजेरीपट आणि चाचण्या त्यांच्याकडे असतात. एखाद्या दिवसाची सुट्टी बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच मंजूर करतात. दोन-तीन दिवसांचा प्रश्न असेल, त्यातही बाहेरगावी मुक्काम असेल, तर ते अर्जावर शेरा मारून मुख्याध्यापकांपुढे ठेवतात. म्हणून पत्राच्या खाली मुख्याध्यापकांच्या सहीला दोन बोटे जागा सोडावी. दोन शिक्षकी शाळेत वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक एकच असतात, तिथे एका सहीत काम होते.

मूल आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहत असेल तर शाळेची परवानगी पुरत नाही. मुक्कामाची जबाबदारी अधीक्षक किंवा अधीक्षिकेकडे असते, त्यामुळे त्यांना वेगळा अर्ज द्यावा लागतो. मुलाला न्यायला कोण येणार, हे त्यात नावानिशी लिहा आणि त्या माणसाने ओळखपत्र सोबत आणावे. गेटवर रखवालदाराने अडवले आणि संघाची गाडी निघून गेली, असे घडते ते हा दुसरा अर्ज राहून गेल्यामुळे.

पत्रात नेमके काय मागायचे?

बहुतेक पालक लिहितात, "मुलीला तीन दिवस सुट्टी द्यावी." एवढ्याने निम्मेच काम होते, कारण या पत्रातून तीन वेगवेगळ्या गोष्टी मागायच्या असतात.

पहिली गोष्ट गैरहजर राहण्याची परवानगी. तारीख आणि वार दोन्ही लिहा, आणि अर्धा दिवस असेल तर तो अर्धा दिवस म्हणूनच लिहा. आपल्या भागात हा अर्धा दिवस हमखास विसरला जातो. यवतमाळला सकाळी आठला हजेरी द्यायची असेल आणि गावातून पहिली एसटी साडेसातला निघत असेल, तर आदल्या दिवशी दुपारीच निघावे लागते. पत्रात फक्त स्पर्धेच्या तारखा असल्या की आदल्या दुपारी मुलगी मधल्या सुट्टीनंतर गायब दिसते आणि हजेरीपटावर तेवढा डाग राहतो.

दुसरी गोष्ट हजेरीपटावरची नोंद. शाळेमार्फत गेलेल्या मुलाला बहुतेक शाळा हजर धरतात. मंडळामार्फत गेलेल्या मुलाचे काय करायचे ते मुख्याध्यापक ठरवतात. हजर धरले नाही तरी "परवानगीने गैरहजर, स्पर्धेसाठी" असा शेरा मागता येतो, आणि तो मागावा. वर्षाअखेरीस हजेरीची टक्केवारी काढताना किंवा पुढे कुणी विचारले तर तो शेरा कामी येतो.

तिसरी गोष्ट बुडालेली चाचणी. त्या दिवसांत आकारिक चाचणी, तोंडी परीक्षा किंवा प्रात्यक्षिक असेल तर विषय आणि तारीख लिहून ते परत आल्यावर घेण्याची विनंती करा. परीक्षेचा विषय पालकांनी आधी काढला की शिक्षकांना सोय करता येते. मुलगी परतल्यावर काढला तर तोवर गुण भरून झालेले असतात.

नमुना पत्र मिळेल का?

हे घ्या. रिकाम्या जागी आपली माहिती भरा. कोऱ्या फुलस्केपवर निळ्या किंवा काळ्या पेनाने हाताने लिहिले तरी चालते, टाईप करून घेण्याची गरज नाही.

दि. १२ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. वर्गशिक्षिका, इयत्ता ७ वी (ब),
(शाळेचे नाव व गाव), ता. घाटंजी, जि. यवतमाळ.

विषय : जिल्हास्तरीय खो-खो स्पर्धेसाठी दि. १७ (दुपारनंतर), १८ व १९ सप्टेंबर रोजी गैरहजर राहण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

माझी मुलगी कु. ........ आपल्या वर्गात शिकते (हजेरी क्रमांक ....). आमच्या गावच्या क्रीडा मंडळाच्या किशोरी गटाच्या खो-खो संघात तिची निवड झाली आहे. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा गुरुवार दि. १८ व शुक्रवार दि. १९ सप्टेंबर रोजी यवतमाळ येथे आहे. संघाला १८ तारखेला सकाळी ८ वाजता मैदानावर हजर राहायचे आहे. गावातून तेवढ्या लवकर एसटी नसल्याने संघ बुधवार दि. १७ रोजी दुपारी २ वाजता निघणार आहे. तरी तिला त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर घरी सोडावे, ही विनंती.

संघासोबत मंडळाचे प्रशिक्षक श्री. ........ व एक महिला पालक सौ. ........ जात आहेत. मुलींचा मुक्काम ........ येथे आहे. प्रशिक्षकांचा मोबाईल क्रमांक ........ व माझा ........ असा आहे.

संघ पहिल्या दिवशीच बाद झाला तर मुलगी शुक्रवारी दि. १९ रोजी शाळेत येईल. अंतिम सामना झाल्यास ती शनिवारी दि. २० रोजी सकाळच्या शाळेत हजर राहील.

दि. १८ रोजी गणिताची आकारिक चाचणी असल्याचे समजले. ती चाचणी परत आल्यावर आपल्या सोयीने घ्यावी, ही विनंती. बुडालेला अभ्यास आम्ही तिच्याकडून पूर्ण करून घेऊ. हजेरीपटावर तिची नोंद स्पर्धेसाठी परवानगीने गैरहजर अशी व्हावी.

सोबत स्पर्धेच्या पत्राची व मंडळाच्या निवडपत्राची झेरॉक्स जोडली आहे.

आपली नम्र,
(सही)
(पालकाचे पूर्ण नाव, मुलीशी नाते, गाव)

मुख्याध्यापकांचा शेरा व सही :

"बाद झाला तर शुक्रवारी येईल" हे लिहायची काय गरज? अपशकुन वाटतो.

तरीही लिहा. खो-खो, कबड्डी असल्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात, हरला तो संघ घरी. पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाची मुले पुढचे दोन दिवस गावात फिरताना दिसतात आणि त्यांच्या परवानगीचा कागद मात्र तीन दिवसांचा असतो. शिक्षक ते पाहतात, आणि पुढच्या वेळी अर्ज हातात घेताना त्यांना ते आठवते. दोन्ही शक्यता लिहिलेल्या असल्या की त्या पालकाच्या शब्दावर शिक्षकांचा भरवसा बसतो.

उलटही होते. सप्टेंबरात यवतमाळला जोराचा पाऊस आला की मैदान भिजते आणि सामने पुढे ढकलले जातात. अशा वेळी प्रशिक्षकांनी किंवा तुम्ही त्याच दिवशी वर्गशिक्षकांना फोन करून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवावे, आणि मुलगी परत आली की दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. मूळ अर्ज आधीच दिलेला असल्याने ही वाढ कुणी अडवत नाही.

सोबत कोणते कागद जोडायचे?

स्पर्धा भरवणाऱ्यांचे पत्र किंवा परिपत्रक, ज्यावर तारीख, ठिकाण आणि गट असतो, आणि मंडळाने दिलेली खेळाडूंची यादी, जीत मुलीचे नाव असते. दोन्हींची झेरॉक्स पुरते. पत्रक फक्त मोबाईलवर आले असेल तर त्याची प्रिंट काढून त्यावर मंडळाच्या अध्यक्षांची किंवा प्रशिक्षकांची सही घ्या.

पुराव्याचा एवढा आग्रह का, ते मोकळेपणाने सांगते. निंदणाच्या दिवसांत आणि पुढे कापूस वेचणीच्या हंगामात आमच्या वर्गातल्या मुली घरी राहतात. कारण विचारले की कधी पोट दुखते म्हणतात, कधी मामाकडे गेलो होतो म्हणतात. आम्हाला घरची अडचण कळते, पण त्यामुळे सलग तीन दिवसांची कोणतीही सुट्टी आम्ही दोनदा वाचतो. तुमची मुलगी खरोखर मैदानावर जात असताना तिच्याकडे त्या नजरेने पाहिले जाऊ नये, म्हणून झेरॉक्स जोडा.

अर्ज किती दिवस आधी द्यावा?

शाळेचे चार-पाच कामकाजाचे दिवस तरी हातात ठेवा. वरच्या उदाहरणात स्पर्धा गुरुवारी आहे आणि अर्ज आधीच्या शुक्रवारी दिला आहे. मध्ये रविवार गेला तरी शिक्षकांना चाचणीची तारीख पाहायला आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायला वेळ मिळतो. मुख्याध्यापक पंचायत समितीत बैठकीला गेले तर अख्खा दिवस भेटत नाहीत, हेही हिशेबात धरा.

स्पर्धेची तारीखच ऐनवेळी कळते, अशी बऱ्याच पालकांची तक्रार असते आणि ती खरी आहे. तसे झाले तर निवड झाल्याचे कळताच वर्गशिक्षकांना तोंडी सांगून ठेवा आणि तारीख आली की अर्ज द्या. अर्जात पहिल्याच वाक्यात लिहा की स्पर्धेचे पत्र अमुक तारखेला मिळाले.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक शाळेत द्या, दुसरीवर "मिळाला" असे लिहून सही आणि तारीख घ्या. ही पोच घरी जपून ठेवा. वर्गशिक्षक बदलले किंवा कागद गहाळ झाला तर तुमच्याकडे तेवढीच निशाणी असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला तर चालत नाही का?

कळवण्यासाठी चालतो, परवानगीसाठी चालत नाही. मेसेजवर मुख्याध्यापकांचा शेरा येत नाही आणि तो शाळेच्या फायलीत लागत नाही. वर्गाच्या ग्रुपवर तर टाकूच नका. पन्नास पालकांच्या मेसेजांत तो खाली जातो, आणि मुलगी कुठे, कुणासोबत मुक्कामाला आहे हे सगळ्यांना कळण्याची गरजही नसते.

आम्हाला लिहिता येत नाही. मुलीनेच अर्ज लिहिला तर?

मजकूर मुलीने लिहिला तरी हरकत नाही. काकाने, शेजारच्या कॉलेजातल्या पोराने किंवा अंगणवाडी ताईंनी लिहिला तरी चालतो. सही मात्र आई, वडील किंवा मूल ज्यांच्याकडे राहते त्या पालकाचीच हवी. सही येत नसेल तर अंगठा लावा आणि बाजूला लिहिणाऱ्याचे नाव टाका. आई-वडील कामासाठी बाहेरगावी असतील आणि मूल आजीकडे राहत असेल तर आजीने अंगठा लावावा आणि तसे पत्रात लिहावे.

भाषेचे दडपण घेऊ नका. "पोरीले खो-खो खेळाले यवतमाळले न्याचं हाय, तीन दिस सुट्टी द्या मॅडम" असे कुणी येऊन सांगितले तरी मला सगळे समजते. कागदावर फक्त तारखा, ठिकाण आणि सोबत जाणाऱ्या माणसाचे नाव स्पष्ट असू द्या. "विनम्रतापूर्वक सविनय सादर" असल्या शब्दांनी ओळी भरल्या जातात आणि तारीखच राहून जाते, असे अर्ज मी दरवर्षी परत करते.

त्याच दिवसांत परीक्षा असेल तर काय?

परीक्षा कोणती, यावर ते अवलंबून आहे. आकारिक मूल्यमापनातली छोटी चाचणी, तोंडी काम, प्रकल्प हे सगळे वर्गशिक्षक आणि विषयशिक्षक पुढेमागे करू शकतात. नमुना पत्रातली गणिताची चाचणी अशीच आहे. मुलगी परत आली की तिला वेगळी प्रश्नपत्रिका देऊन ती घेता येते.

पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनाचे तसे नाही. त्याचे वेळापत्रक ठरलेले असते आणि काही पेपर वरून ठरवून येतात. तिथे वर्गशिक्षकांच्या हातात फार नसते, त्यामुळे आधी मुख्याध्यापकांना भेटा. पालकांना माझे स्पष्ट मत सांगते : संकलित परीक्षेचा एक पेपर आणि जिल्ह्याचा सामना एकाच दिवशी आला, तर आधी फेरपरीक्षेची सोय लेखी पदरात पाडून घ्या आणि मगच मुलाला पाठवा. पाचवी आणि आठवीच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण या दोन वर्गांना आता वार्षिक परीक्षा आहे आणि वर्षभराच्या नोंदींकडे बारकाईने पाहिले जाते.

दहावीला वेगळीच काळजी. बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. स्पर्धेच्या तीन दिवसांनी ती बिघडत नाही. पण आधीच आजारपणाने किंवा घरच्या कामाने दिवस बुडाले असतील तर अर्ज देण्याआधी वर्गशिक्षकांना आजवरची हजेरी विचारून घ्या.

सोबत कोण जाणार हे शाळेला कशाला सांगायचे? मुलगी आमची आहे.

तुमचीच आहे. पण बुधवारी मधल्या सुट्टीनंतर ती शाळेच्या फाटकातून बाहेर पडते तेव्हा ती आमच्या ताब्यात असते. कुणाच्या हाती सोपवायची हे आम्हाला लेखी माहीत असले पाहिजे. मुलींच्या संघासोबत महिला पालक किंवा महिला प्रशिक्षक असल्याचे पत्रात असले तर मी पुढे एक प्रश्न विचारत नाही. नसले तर विचारते, आणि तुम्हीही मंडळाला विचारा. मुक्काम कुणाच्या घरी, की शाळेच्या खोल्यांत, की मंगल कार्यालयात, तेही विचारा.

याच ओघात प्रवासाचे सांगून ठेवते. मुलीचा एसटीचा मोफत पास घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा असतो, तो यवतमाळच्या गाडीत चालत नाही. कंडक्टरला तो दाखवून वाद घालू नये. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ते तिलाही लागते.

शिक्षकांना आधी सांगून त्यांचा काय फायदा?

आठवीपर्यंतच्या वर्गांना शाळेत पोषण आहार शिजतो आणि रोज किती मुले जेवणार याचा आकडा शाळेला द्यावा लागतो. एकाच वर्गातल्या पाच मुली संघात असतील तर तीन दिवस पाच ताटांचा फरक पडतो. शिवाय नवा धडा शिकवायचा की उजळणी घ्यायची, हेही वर्गशिक्षक त्यावरून ठरवतात. निम्मा संघ माझ्या वर्गातला असतो तेव्हा मी त्या दिवसांत भूमितीचा नवा भाग सुरूच करत नाही.

परवानगी नाकारली तर?

आधी कारण विचारा. बहुतेक वेळा कारण कागदाचे असते : पत्रक जोडलेले नाही, तारखा जुळत नाहीत, मुक्कामाचा पत्ता नाही. ते दुरुस्त करून अर्ज पुन्हा द्या. कधी कारण मुलाच्या आधीच्या गैरहजेरीचे असते. तिथे रागावण्यापेक्षा दिवाळीपर्यंत एकही दिवस बुडणार नाही असे लिहून द्या आणि तो शब्द पाळा.

तरीही अडले तर मंडळाच्या प्रशिक्षकांना सोबत घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. शाळेतले क्रीडाशिक्षक असतील तर त्यांनाही बोलवा, कारण स्पर्धा खरी आणि मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, हे त्यांना ओळखता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पुढची पायरी केंद्रप्रमुखांची आहे. थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार नेली की प्रश्न स्पर्धेचा राहत नाही आणि मुलीला त्याच वर्गात वर्षभर बसायचे असते.

परवानगीशिवाय मुलाला पाठवून नंतर आजारपणाची चिठ्ठी देऊ नका. दुसऱ्या दिवशी संघाचा फोटो गावच्या ग्रुपवर येतो आणि चषक हातात घेतलेली मुलगी त्यात दिसते.

स्पर्धेहून आल्यावर शाळेत काही द्यायचे असते का?

सहभागाचे किंवा प्रावीण्याचे प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची झेरॉक्स मूळ अर्जाला जोडायला द्या. प्रमाणपत्र नंतर येणार असेल तर प्रशिक्षकांच्या सहीची चिठ्ठी तूर्त पुरते. त्यावर मुलगी कोणत्या तारखांना स्पर्धेत हजर होती ते असावे. प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, हे त्याच दिवशी पाहा. नावातली वेलांटी चुकली असेल तर ती लगेच दुरुस्त होते, दोन वर्षांनी त्यासाठी यवतमाळचे हेलपाटे पडतात.

संघ जिंकला किंवा मुलीची जिल्हा संघात निवड झाली तर पुढची स्पर्धा आणखी लांब आणि जास्त दिवसांची असते. आधीचा अर्ज तिथे चालत नाही. नव्या तारखांचा, नव्या पत्रकाचा नवा अर्ज द्यावा लागतो. त्यात बोनाफाईड प्रमाणपत्राची गरज असेल तर ती मागणी वेगळ्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावाने करा, कारण ते काम वर्गशिक्षकांकडे नसून शाळेच्या कार्यालयाकडे असते.